मास्तर, आधी हे वाचा मग कात्री घ्या

आमच्या घरात सगळ्यात उंच माणसाचं नाव बारक्या आहे. मावशीचं शेंडेफळ, लहानपणी खरंच किडकिडीत आणि बुटका होता म्हणून पडलेलं नाव, नंतर अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तो असा काही वाढला की सहा फुटांवर जाऊन थांबला, पण नाव तेच राहिलं. तर या बारक्याचं डिसेंबरात लग्न होतं आणि रिसेप्शनला काय घालायचं यावर घरात दोन महिने चर्चा चालू होती. भाड्याची शेरवानी नको, नवीन घ्यायची तर एका संध्याकाळसाठी एवढे पैसे कशाला, असं सगळं चालू असताना त्यानेच विचारलं, मामाची ती बदामी शेरवानी अजून आहे का गं ताई?

आहे ना. माझ्याच कपाटात आहे.

ही शेरवानी मामाने १९९४ साली स्वतःच्या लग्नासाठी शिवून घेतलेली, औरंगाबादला. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. कापड हिमरू, बदामी रंगावर मरून वेलबुट्टी. हिमरू म्हणजे उभा धागा सुती, आडवा रेशमी, आणि नक्षीसाठी आणखी एक जादाचा आडवा धागा. आता शेरवानी हा काही आपल्याकडचा जुना पोशाख नाही असं पुण्यातले लोक मला सांगतात, पण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिकडे शिक्षक, कारकून, वकील असे कितीतरी मराठी बोलणारे लोक शेरवानी घालून कामाला जायचे. आमच्या पणजोबांचा एक फोटो आहे तसा. त्यामुळे मामाला सूट न शिवता शेरवानी शिवावीशी वाटली यात आमच्याकडे कोणाला नवल वाटलं नव्हतं.

मामा पाच फूट सहा इंच. नंतर २०११ मध्ये माझ्या सख्ख्या दादाने ती घातली, तो उंचीला मामाएवढाच पण पोटाला भरलेला, म्हणून तेव्हा कमरेत सैल केली. आणि आता बारक्या, सहा फूट, सडपातळ. म्हणजे मामापेक्षा सहा इंच उंच आणि दादापेक्षा कमरेला बराच बारीक.

मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज, कुर्ते, फॉल-पिको, पोरींचे परकर-पोलके. पण कोट आणि शेरवानीला हात लावत नाही. आतमध्ये कॅनव्हास, बकरम, खांद्याचं पॅड असं सगळं असतं आणि ते काम वेगळंच आहे, त्याला वेगळी इस्त्री लागते, वेगळा हात लागतो. म्हणून आमच्या भागातले एक जुने मास्तर आहेत, जेंट्सचंच काम करतात, त्यांच्याकडे द्यायचं ठरलं. आणि मी म्हणलं चिठ्ठी लिहून देते. यावर बारक्या हसला, म्हणाला चिठ्ठी कशाला, मी जातो, उभा राहतो, ते माप घेतील.

इथेच तर घोळ होतो. एकदा माझ्या एका भाचीचा लेहेंगा मी असाच दुसऱ्या एका ठिकाणी तोंडी सांगून दिला होता, कमरेत एक इंच आत घ्या, आणि त्यांनी एक इंच आत घेऊन वर उरलेली सगळी माया कापून टाकली, कडेला फक्त पाव इंच ठेवून. पुढच्या वर्षी पोरगी भरली आणि लेहेंगा गेला. माया म्हणजे शिलाईच्या आत जे जादा कापड ठेवतात ते. कपडा मोठा होऊ शकतो तो फक्त मायेवर. जुन्या कपड्याचं काय होऊ शकतं हे माणसाच्या उंचीवर नाही, आत किती माया शिल्लक आहे त्यावर ठरतं, त्यामुळे चिठ्ठी लिहायला बसायच्या आधी मी शेरवानी उलटी केली.

शेरवानी उलटी केली की तिचा सगळा इतिहास समोर येतो. बाजूच्या शिलाईवर दोन रेघा होत्या, एक चालू टीप आणि तिच्या आत अर्ध्या इंचावर बारीक बारीक भोकांची ओळ, ती मामाची मूळ शिलाई. म्हणजे दादाच्या वेळी चारही थरांत अर्धा-अर्धा इंच सोडलेला, कमर ३८ ची ४० झालेली. खाली घेराची दुमड उलगडून बघितली तर चक्क तीन इंच! आजकाल रेडीमेडला दीड इंच मिळाला तरी नशीब. बाहीला दीड इंच. आणि बाजूच्या शिलाईत आतल्या बाजूला, अस्तराखाली, एक जादाचं बटण टाकलेलं होतं. १९९४ च्या त्या शिंप्याने हरवलंच तर असावं म्हणून लावून ठेवलेलं, तीस वर्षं कोणाला पत्ताच नाही. हे बटण पुढे कामाला आलं.

पण दुमड उलगडली तेव्हा वाईट बातमी पण दिसली. दुमडीच्या आतलं कापड अजून तसंच ताजं, बदामी म्हणजे खरंच बदामी, आणि बाहेरचं कापड उन्हाने, हवेने, दोन लग्नांच्या घामाने चहासारखं पिवळटलेलं. मध्ये घडीची काळपट रेघ. म्हणजे तीन इंच हातात होते पण ते नुसते खाली सोडले असते तर खालून पट्टा रंगवल्यासारखं दिसलं असतं. जुना कपडा उंच माणसासाठी लांब करताना बहुतेक वेळा हेच होतं, कापड असतं पण दाखवता येत नाही. दुमड पूर्ण उसवायच्या आधी पाठीमागे दोन इंच उसवून, आतून ओलं सुती फडकं ठेवून वाफ देऊन बघायची, घडी जाते का आणि रंग जुळतो का. घडी बरीच जाते. रंग काही जुळत नाही.

मग बारक्याला बोलावलं. कुर्ता घालून ये, आणि जी मोजडी घालणार आहेस ती पण आण म्हणलं, तो स्पोर्ट्स शूज घालून आला. असो.

माप घेताना एक गोष्ट मला आईने शिकवलेली, चिठ्ठीत कधीच "चार इंच वाढवा" असं लिहायचं नाही. वाढवा म्हणजे कशापासून? मास्तर आधी स्वतः कपडा मोजणार, त्यांचं माप माझ्या मापापेक्षा अर्धा इंच वेगळं येणार, आणि चूक सगळ्यांची होऊन कोणाचीच नाही अशी अवस्था होते. कायम शेवटचा आकडा लिहायचा, तयार झाल्यावर किती हवं ते. आणि त्यातही अंगाचं माप वेगळं आणि कपड्याचं तयार माप वेगळं. बारक्याची छाती अंगाची ३८ आहे. हा आकडा नुसता "छाती ३८" असा लिहिला आणि कोणी तो कपड्याचा समजला तर शेरवानीची बटणं लागणारच नाहीत, कारण आत कुर्ता असतो आणि श्वासही घ्यायचा असतो, तयार छाती ४२ च हवी. म्हणून माझ्या चिठ्ठीत सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात:

"मास्तर, नमस्कार. खाली लिहिलेली सगळी मापं तयार कपड्याची आहेत, अंगाची नाहीत. इंचात आहेत. आधी पूर्ण वाचा मग कात्री घ्या. कुठेही माया कापू नका, आत घेतलेलं कापड आतच राहू द्या, याच्यानंतर पण कोणीतरी घालणार आहे."

शेवटचं वाक्य आईने घालायला लावलं. मी म्हणलं मास्तरांना काय त्याचं, ती म्हणाली कारण सांगितलं की माणूस ऐकतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही चिठ्ठी लिहिली. सहा इंच उंच माणूस म्हणजे सगळीकडे सहा इंच लांब नसतो. बारक्याचे चार फरक मी मोजले. मानेच्या मणक्यापासून गुडघ्यापर्यंत तो मामापेक्षा साधारण साडेतीन इंच लांब आहे. बाहीला दोन इंच. खांद्याला फक्त अर्धा. आणि मानेपासून कमरेपर्यंत दीड इंच. या शेवटच्या दीड इंचाकडे कोणी बघतच नाही.

शेरवानी म्हणजे लांब कुर्ता नव्हे. ती कमरेला आत येते आणि तिथून खाली घेर सुटतो. मामाच्या शेरवानीत ही आत येण्याची जागा मानेपासून साडेसोळा इंचावर आहे. बारक्याची कमर अठरावर. म्हणजे आपण खालून कितीही लांबी सोडली तरी वरची कमर साडेसोळावरच राहणार, ती त्याच्या बरगड्यांवर बसणार, आणि घेर त्याच्या कमरेच्या आधीच सुटायला लागणार. फ्रॉक घातल्यासारखं दिसतं मग. तुम्ही लग्नांमध्ये बघितलं असेल, उंच मुलगा, शेरवानी गुडघ्यापर्यंत बरोबर आलेली आहे, पण काहीतरी उसनं घातल्यासारखं वाटतं आणि नक्की काय ते कळत नाही. ते हे असतं. ओळखायचं कसं तर आरशासमोर हात खाली सोडून उभं राहायचं आणि कपडा जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे बोट लावायचं, बोट नाभीच्या जवळपास आलं तर ठीक, बरगडीवर आलं तर कमर वर आहे.

सुदैवाने यासाठी नवीन कापड लागत नाही. दादाच्या पोटासाठी सोडलेलं कापड होतंच. ते सगळं पुन्हा आत घ्यायचं नाही, जुन्या जागी थोडंच घ्यायचं आणि दीड इंच खाली जास्त घ्यायचं. चिठ्ठीतला हा भाग मी तीन वेळा लिहिला, शेवटी बाजूला चित्र पण काढलं. त्यातलं चाक म्हणजे बाजूचा कट:

"कमर खाली आणायची आहे. दोन्ही बाजूच्या शिलाया बगलेखाली तीन इंच सोडून तिथून चाकापर्यंत उसवा. मानेपासून १६॥ इंचावर, म्हणजे जुन्या कमरेवर, तयार माप ३९. मानेपासून १८ इंचावर, नवीन कमर, तयार माप ३७. तिथून सीटपर्यंत हळूहळू जुन्या शिलाईला मिळवा, एकदम वळण देऊ नका. ३७ करताना सगळं बाजूने घेऊ नका. दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच आणि पाठीच्या मधल्या शिलाईत एक इंच. छातीला हात लावू नका, ती ४२ च आहे."

सगळं बाजूने का नाही, तर तीन इंच फक्त दोन बाजूंनी घेतलं की पुढची बटणपट्टी आणि पाठ दोन्ही सपाट राहतात आणि बाजूला खड्डा पडल्यासारखा दिसतो, शिवाय चाक पुढे ओढलं जातं. उंच सडपातळ माणसाची पाठ कमरेत खोलगट असते, तिथे एक इंच गेला की पाठ छान बसते. मामाच्या जुन्या शिलाईची भोकं जुन्या कमरेजवळ थोडीशी बाहेर राहणार हे मला माहीत होतं, दादाच्या वेळीही राहिलीच होती, वाफ देऊन नखाने हलकं घासलं की हिमरूत ती बऱ्यापैकी बुजतात. गुळगुळीत साटीन असतं तर कायमची दिसली असती.

कमर खाली आली की तिच्यासोबत तीन गोष्टी पण खाली यायला पाहिजेत, नाहीतर मेहनत वाया. एक चाक. तो जुन्या जागी उघडा राहिला तर नवीन कमरेच्या फारच जवळ सुरू होतो आणि बसल्यावर आतला चुडीदार दिसतो. तो वरून दीड इंच शिवून बंद करायचा आणि टोकाला आडवे टाके घालून पक्का करायचा, कारण चाक फाटतं ते नेहमी टोकालाच. दुसरा खिसा. बाजूच्या शिलाईतला खिसा आता वर गेला, हात घालायला कोपर मागे न्यावं लागतं, तर मी सरळ लिहिलं खिसे बंद करा. बारक्याने यावर बराच दंगा केला, मोबाईल कुठे ठेवू, मी म्हणलं करवल्याकडे दे, नवरदेवाच्या खिशात मोबाईल म्हणजे फोटोत एका बाजूला गाठ आल्यासारखं दिसतं. आणि तिसरं बटणं. मामाची सात बटणं होती, शेवटचं कमरेच्या जरा खाली. आता कमर खाली आल्यावर तिथे फाकायला लागणार, म्हणून त्याच अंतरावर खाली एक काज आणि एक बटण वाढवायचं. आठवं बटण कुठून आणणार, तीस वर्षांपूर्वीचं, पितळेवर मीनाकारी केलेलं? तर ते शिलाईत लपवलेलं! मला त्या औरंगाबादच्या शिंप्याला जाऊन नमस्कार करावासा वाटला.

लांबीकडे येते. मामाची लांबी ४०. बारक्याला गुडघ्यावर टेकायला ४३॥ हवी होती, म्हणजे हिशोबाने. दुमडीत तीन इंच, त्यातला पाव इंच शिलाईला गेला तर पावणेतीन हातात, म्हणजे पावणेत्रेचाळीस. पाऊण इंच कमी पडत होता. इथे दोन रस्ते, खाली जोड लावून पूर्ण साडेत्रेचाळीस करायचं, किंवा पावणेत्रेचाळीसवर समाधान मानायचं. मी दुसरं निवडलं. शेरवानी गुडघ्याच्या पाऊण इंच वर राहिली तर कोणाच्या लक्षात येत नाही पण खाली जोड दिलेला भाग वरच्यापेक्षा हलका किंवा जड झाला की चालताना घेर लटपटतो आणि ते लांबून कळतं.

रंगाच्या फरकाचं काय करायचं? झाकायचा. मरून सिल्कची पट्टी, सव्वातीन इंच रुंद, साडेएकोणचाळीसवर सुरू होऊन खालपर्यंत. म्हणजे जुनी घडीची रेघ पट्टीच्या आत अर्धा इंच जाते आणि खाली सोडलेलं ताजं कापड सगळं पट्टीखाली लपतं. वेलबुट्टीत मरून आहेच, त्यामुळे ठिगळ न वाटता मुळातलीच काठपट्टी वाटते.

आणि इथे आई मध्ये पडली. तिला वाटत होतं आजीच्या जुन्या नऊवारीचा काठ आहे तो लावावा, जरीचा, सुंदर आहे, वाया चाललाय. मला पण आधी पटलं होतं. पण शेरवानीचा घेर खाली सरळ नसतो हो, तो किंचित गोल असतो, जमिनीवर पसरलात तर कळेल, आणि विणलेला काठ पक्का सरळ, तो वळत नाही. गोलाईवर सरळ काठ लावला की एक तर काठाच्या वरच्या कडेला चुण्या पडतात किंवा खालची कड ओढली जाऊन घेर आत वळतो. आईलाही हे माहीत होतं, तिने आयुष्यभर शिवलंय, पण आजीचा काठ म्हटल्यावर तिचं शिवणकाम बाजूला राहिलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. शेवटी त्या काठाचा चार इंचाचा तुकडा आत मानेमागे, हँगरला अडकवायच्या पट्टीसाठी दिला. दिसणार कोणालाच नाही, पण ती खूश झाली.

"घेराची पट्टी सरळ कापू नका. शेरवानी टेबलावर पसरून घेराचा आकार कागदावर उतरवा, त्या कागदावरून पट्टी कापा. पट्टी खालून उलटी जोडून वर पलटवा, वरची कड हाताने लपवून टाके घालून बसवा, वर मशीनची टीप नको. लावायच्या आधी सिल्क पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा." हे शेवटचं नवीन सिल्कसाठी, नाहीतर पहिल्याच वेळी ड्रायक्लीनहून आकसून येतं आणि तीस वर्षं जुनं हिमरू तर आता आकसायचं तेवढं आकसून बसलेलं असतं.

बाहीला तसंच, फक्त तिथे गणित जरा वेगळं. मामाची बाही साडेतेवीस, बारक्याला साडेपंचवीस हवी. दुमडीत सव्वा इंच मिळतो, म्हणजे पावणेपंचवीस, तरी पाऊण इंच कमी. घेरात मी कमी चालवून घेतलं पण बाहीत नाही चालत, बाही आखूड झाली की माणूस वाढलाय आणि कपडा राहिलाय हे लगेच दिसतं. म्हणून बाहीची पट्टी अडीच इंच, तेवीसवर सुरू होऊन साडेपंचवीसपर्यंत, आणि शेवटच्या पाऊण इंचात आत शेरवानीचं कापडच नाही, नुसती पट्टी. तिथे पायरी दिसू नये म्हणून पट्टीला पूर्ण रुंदीत पातळ बकरम चिकटवायचं. बाहीची कड जवळपास सरळच असते त्यामुळे इथे आकाराचा प्रश्न नाही. (आई हे ऐकून म्हणाली, मग बाहीला तरी काठ चालला असता. चालला असता. पण घेराला एक आणि बाहीला दुसरं, नको.)

खांदा अर्धा इंच कमी पडत होता. खांदा हा खरं तर आधीच बघायचा भाग, मी शेवटी लिहितेय पण तपासला सगळ्यात आधी होता. लांबी, कमर, बाही याचं काहीतरी करता येतं, खांदा एक-दीड इंच कमी असेल तर मात्र शेरवानी परत कपाटात ठेवायची, कारण बाही जिथे जोडतात तो मुंढा, बाही, कॉलर सगळं त्याला लटकलेलं असतं. अर्धा इंच म्हणजे एका बाजूला पाव, तेवढी माया मुंढ्याच्या शिलाईत होती. शिवाय १९९४ ची पॅडं! बोटभर जाड. ती काढून पातळ टाकली की खांद्याला आपोआप जागा होते. मुंढा मात्र जसा आहे तसा, खोल आहे, तो खाली कापता येतो पण वर नेता येत नाही, त्यामुळे हात वर केला की अख्खी शेरवानी वर उचलली जाणार. हे बारक्याला सांगून ठेवलं. विधी सगळे धोतरात, रिसेप्शनला हार वगैरे नाही, त्यामुळे हात वर करायचा प्रसंग नाही. मित्रांनी नाचायला ओढलं तर कमरेच्या वर हात न्यायचा नाही म्हणलं.

अस्तराचं थोडक्यात लिहिलं होतं, पूर्ण बदला. जुनं बगलेत विरलेलं होतंच, आणि बाहेरचं लांब करून अस्तर तसंच ठेवलं तर ते आतून ओढतं आणि घेर फुगा आल्यासारखा वर वळतो. नवीन अस्तर बाहेरच्यापेक्षा एक इंच वर आणि खाली सैल घडी ठेवून. आणि हिमरूबद्दल एक ताकीद, कारण मास्तरांच्या हातात हल्ली हे कापड येत नाही. नक्षीचे जादाचे धागे मागच्या बाजूला सुटे तरंगतात. ब्लेडने सर्रकन उसवलं की ब्लेड त्यात अडकतं आणि समोरची अख्खी बुट्टी ओढली जाते. म्हणून प्रत्येक तिसरा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढायचा, आणि उसवलेली कड लगेच इंटरलॉक करून घ्यायची, नाहीतर रात्रीत सुटून अर्धा इंच खाली येते.

शेवटी लिहिलं, सगळं आधी कच्च्या टाक्यांवर, मग ट्रायल, मग पक्की शिलाई. चुडीदार नवीनच शिवा, त्याला लांबी वाढवायची सोयच नसते.

चिठ्ठी फुलस्केपची दोन पानं झाली. मास्तरांनी चष्मा लावून उभ्या उभ्या सगळी वाचली, मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता रागावणार. ते म्हणाले, "ताई, बाकी सगळं लिहिलंत. पोरगा कुठंय?"

ट्रायलला बारक्या कच्च्या टाक्यांची शेरवानी घालून उभा राहिला. कमर बरोबर जागेवर, बाही बरोबर, घेराची पट्टी तर एवढी छान बसली होती की मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. मास्तर त्याच्या मागे गेले, दोन पावलं लांब उभे राहिले आणि गप्प बसले. मग म्हणाले, बॅग कुठल्या खांद्याला लावता? डाव्या की उजव्या? उजव्या, बारक्या म्हणाला. रोज? रोज, नऊ वर्षं, लॅपटॉपची.

त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जवळजवळ अर्धा इंच खाली होता. मी पोराला जन्मल्यापासून बघतेय, माझ्या चिठ्ठीत हे नव्हतं. पाठीवर उजव्या बाजूला बगलेपासून कमरेकडे एक तिरपी सुरकुती होती, ती मी कापडाच्या माथी मारली असती. मास्तरांनी खिशातून पॅडचा एक पातळ थर काढला, उजव्या खांद्यात सरकवला, आणि सुरकुती गेली. इतकं सोपं. मग खडूने माझ्याच चिठ्ठीच्या समासात लिहिलं, "उ. खांदा १ थर जादा."

तयार तारीख १२ होती, मिळाली १४ ला. जुनी पॅडं, जुनं अस्तर आणि पट्टीचं उरलेलं सिल्क त्यांनी पिशवीत घालून परत दिलं, एक चिंधी टाकली नव्हती. चिठ्ठी मात्र दिली नाही. मागितली तर म्हणाले राहू द्या इथे, हिमरूचं उसवायचं लिहिलंय ना त्यात.